तीन सेंटीमीटरचा लठ्ठपणा

तालुक्याच्या एका गावातील कार्यालयात कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी झाली. अडतीस वर्षांच्या एका लिपिक बाईंच्या रिपोर्टवर उंची १५७ सेंटीमीटर, वजन ५८ किलो आणि बीएमआय २३.५ असे आकडे छापून आले. शेवटच्या आकड्याभोवती लाल चौकट होती, खाली ‘वजन जास्त’ असा शेरा होता आणि सोबत एका पानाचा छापील आहारतक्ता. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळे ठीक होते. पण घरी गेल्यावर लक्षात राहिली ती लाल चौकटच. बाईंनी रात्रीचे जेवण बंद केले, सकाळचा नाश्ताही एका चहावर आणला. तीन आठवड्यांनी कार्यालयात उभ्या असताना चक्कर आली, तेव्हा त्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पोहोचल्या.

चक्करेचे कारण सापडायला वेळ लागला नाही. उपाशी राहण्याचे कारण विचारल्यावर तो रिपोर्ट पुढे आला. बाईंनी आणलेल्या पिशवीत जुने कागदही होते, त्यात नऊ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचा केसपेपर. त्यावर उंची लिहिली होती १६० सेंटीमीटर.

लाल चौकटीपेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा होता. वजन नऊ वर्षांत बदलते, नऊ दिवसांतही बदलते. विशी ओलांडलेल्या माणसाची उंची मात्र पन्नाशीपर्यंत जवळपास आहे तिथेच राहते. निरोगी बाई अडतिसाव्या वर्षी तीन सेंटीमीटरने बुटकी होत नाही. याचा अर्थ दोन नोंदींपैकी एक चुकीची होती, आणि ती कोणती हे कळेपर्यंत ‘वजन जास्त’ या शेऱ्याला काही अर्थ नव्हता.

सिस्टरांनी त्यांना पुन्हा उभे केले. “ताई, चप्पल काढा, अंबाडा सोडा, टाचा मागे लावा.” पहिल्यांदा १६०.१ आले. बाईंना पट्टीखालून बाहेर काढून पुन्हा उभे केले, तेव्हा १५९.८. दोन मोजण्यांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी फरक, म्हणजे मोजणी भरवशाची. जुना केसपेपर बरोबर होता.

आता गणित पाहू. बीएमआय काढताना वजनाचा किलोतील आकडा घ्यायचा आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६, ५८ भागिले २.५६ म्हणजे २२.७. हीच उंची १.५७ धरली तर वर्ग होतो २.४६५, आणि ५८ ला त्याने भागले की येतात २३.५. भारतीय प्रौढांसाठी २००९ साली तज्ज्ञांच्या सहमतीने ज्या मर्यादा ठरल्या, त्यांत १८ ते २२.९ हे वजन योग्य, २३ ते २४.९ जास्त, आणि २५ पासून पुढे स्थूलता. बाई २२.७ वर रेषेच्या अलीकडे होत्या, २३.५ वर पलीकडे गेल्या. शरीरात एक ग्रॅमही बदल नव्हता.

तीन सेंटीमीटरची ही चूक किलोत मांडली तर तिचा आकार डोळ्यांसमोर येतो. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय खरोखर २३.५ व्हायचा तर तिचे वजन ६०.२ किलो हवे. म्हणजे पट्टीने तीन सेंटीमीटर कमी दाखवले आणि बाईंच्या अंगावर, फक्त कागदावर, दोन किलो दोनशे ग्रॅम चढले. साधारण या बांध्याच्या माणसासाठी उंचीतली एक सेंटीमीटर घट म्हणजे पाऊण किलो खोटे वजन, असा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे.

उंचीची चूक इतकी महाग का पडते, याचे उत्तर त्या वर्गात आहे. बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले १८३० च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधत होते. प्रौढ माणसांचे वजन उंचीच्या साध्या प्रमाणात नव्हे, तर साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. एखाद्या रुग्णाला शेरा देण्यासाठी त्यांनी हे केले नव्हते, लोकसमूहाचे वर्णन करण्यासाठी केले होते. १९७२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले आणि ते जगभर दवाखान्यांत शिरले. वर्गाबरोबर एक खोडही आली. वजनात एक टक्का चूक झाली तर बीएमआयमध्ये एक टक्काच चूक होते. उंचीत एक टक्का चूक झाली तर ती जवळपास दोन टक्के होऊन उतरते.

आणि आपण काळजी कशाची घेतो? वजनाची. काटा डिजिटल असतो, शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो, माणसे खिशातला मोबाइल बाजूला ठेवून त्यावर चढतात. या बाईंच्या बाबतीत शंभर ग्रॅमने बीएमआय बदलतो ०.०४ ने. एका सेंटीमीटरने तो बदलतो ०.२९ ने, म्हणजे सातपट. तरीही उंची मात्र “उभे राहा, झालं” अशी दहा सेकंदांत उरकली जाते. कित्येकदा तीही नाही, “उंची किती?” असे विचारून सांगितलेला आकडा लिहून घेतला जातो.

त्या तपासणी केंद्रात नेमके काय झाले होते, ते नंतर कळले. तिथे भिंतीवर उंचावर ठोकलेली, खाली ओढायची टेप होती. अनेक दवाखान्यांत हीच असते, कारण ती स्वस्त आहे आणि जागा अडवत नाही. टेपची डबी जमिनीपासून बरोबर दोन मीटर उंचीवर बसवायची असते; पट्टी ओढून डोक्यावर टेकवली की खिडकीत उंची दिसते. डबी ठोकताना कारागिराने दोन मीटर मोजले ते जमिनीपासून नव्हे, तर भिंतीलगत ठेवलेल्या लाकडी फळीवरून. वजनकाटा तेव्हा त्या फळीवर असायचा. पुढे काटा बदलला, फळी निघाली आणि माणसे खाली फरशीवर उभी राहू लागली. डबी आता जमिनीपासून २०३ सेंटीमीटरवर होती. तिच्याखाली उभा राहिलेला प्रत्येक माणूस तीन सेंटीमीटर बुटका भरत होता.

उलटही घडते. जुन्या फरशीवर नवीन टाइल्स बसवल्या की जमीन वर येते, डबी तिथेच राहते आणि सगळे उंच भरू लागतात. मग खरोखर वजन वाढलेला माणूस ‘योग्य’ म्हणून घरी जातो. ही चूक कमी गंभीर नाही, पण तिच्याबद्दल तक्रार घेऊन कोणी ओपीडीत येत नाही.

अशी टेप तपासायला अर्धे मिनिट लागते. खाली कोणी उभे नसताना पट्टी थेट जमिनीपर्यंत ओढायची. जमिनीला टेकल्यावर खिडकीत शून्य दिसले पाहिजे. त्या केंद्रातली पट्टी जमिनीपासून तीन सेंटीमीटर वर असतानाच शून्य दाखवत होती. भिंतीवर चिकटवलेल्या किंवा रंगवलेल्या पट्टीसाठी सुताराची स्टीलची टेप पुरते: जमिनीपासून दीड मीटर मोजून खूण करायची आणि पट्टीवर तिथे १५० आहे का ते पाहायचे. चिकटपट्टीच्या बाबतीत एक नेहमीची गंमत अशी की भिंतीच्या तळाशी टाइलचे स्कर्टिंग असते, पट्टी त्याच्या वर चिकटवावी लागते, आणि खालची किती पट्टी कापली हे ज्याने कापली त्यालाही आठवत नाही.

उभे राहण्यातही चुका होतात. स्कर्टिंग भिंतीपेक्षा सेंटीमीटरभर पुढे आलेले असते. टाचा त्याला टेकतात, पाठ भिंतीपासून सुटते आणि पाठ टेकवायला माणूस मागे रेलतो. रेलला की उंची घटते. म्हणून पट्टी शक्यतो स्कर्टिंग नसलेल्या भिंतीवर हवी, किंवा पाया असलेले उभे स्टेडिओमीटर हवे. टाचा, नितंब, खांद्यांची पाती आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागावी, गुडघे सरळ असावेत. कोणाच्या शरीराच्या ठेवणीमुळे हे चारही एकदम लागत नसतील तर ओढूनताणून लावू नयेत. पाय एकत्र आणि धड ताठ असले म्हणजे झाले.

सर्वांत जास्त चुकते ते डोके. मोजून घेताना माणूस सहजच खाली काट्याकडे बघतो किंवा वर पट्टीकडे. दोन्हींत डोक्याचा सर्वांत उंच भाग आपल्या जागेवरून हलतो आणि आकडा कमी येतो. योग्य स्थिती ठरवायला एक आडवी रेषा मनात धरतात: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा एका पातळीत आले पाहिजेत. “समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा” म्हटले की बहुतेकांचे डोके आपोआप त्या पातळीत येते, अर्थात घड्याळ डोळ्यांच्या उंचीवर असेल तर. मग खोल श्वास घ्यायला सांगायचा आणि तेवढ्यात आडवी फळी केस दाबून डोक्यावर टेकवायची. ही फळी भिंतीला काटकोनात असणे महत्त्वाचे. हातात धरलेली फूटपट्टी किंवा फाइलचा पुठ्ठा भिंतीच्या बाजूला खाली झुकला की सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर तिथेच जातात. शेवटी, आकडा वाचणाऱ्याचे डोळे त्या फळीच्या पातळीवर हवेत. बुटक्या परिचारिकेने उंच माणसाची उंची खालून वाचायची, हे योग्य नाही. तिच्यासाठी शेजारी एक स्टूल असावे.

वेळेचाही थोडा हात आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्री झोपेत पाणी धरून फुगतात आणि दिवसभर उभे राहिल्यावर, बसल्यावर दबतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस साधारण सेंटीमीटरभर किंवा थोडा जास्त घटतो. त्यातला बराचसा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. वजन मात्र दिवसभरात जेवणा-पाण्याने वाढते. सकाळी १६०.५ सेंटीमीटर आणि ५७.५ किलो असलेली बाई संध्याकाळी १५९.३ सेंटीमीटर आणि ५८.५ किलो भरू शकते. सकाळचा बीएमआय २२.३, संध्याकाळचा २३.१. एकाच दिवसात, एकाच देहात रेषेची दोन्ही टोके. ही मोजणीची चूक नव्हे, शरीराचा स्वभाव आहे. यंदा सकाळी सात वाजता आणि पुढच्या वर्षी संध्याकाळी सहाला मोजून ‘वर्षभरात वजन वाढले’ असे म्हणणे मात्र चूक आहे.

इथे एक शंका रास्त आहे. चुका तर दोन्ही बाजूंनी होतात. चप्पल, अंबाडा, खोपा यांनी उंची वाढते. स्वतःच्या तोंडाने सांगितलेली उंचीही बहुधा खऱ्यापेक्षा जास्तच असते, विशेषतः पुरुषांची. मग सगळे मिळून बरोबरी होत नाही का? एखाद्या सर्वेक्षणाच्या सरासरीत थोडीफार होईल. समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत होत नाही, कारण त्याच्या वाट्याला एकच चूक आलेली असते. आणि चुकीच्या उंचीवर ठोकलेली टेप तर सरासरीतही सावरत नाही. ती सर्वांना एकाच दिशेने ढकलते.

कोणाकोणाला ढकलते, हेही ठरलेले असते. १६० सेंटीमीटरच्या आसपास तीन सेंटीमीटर कमी मोजले की बीएमआय जवळपास चार टक्क्यांनी वाढतो. ज्यांचा खरा बीएमआय वीस-एकवीस आहे त्यांना याचा उपद्रव नाही. ज्यांचा तेवीसच्या वर आहे ते तसेही रेषेपलीकडे आहेत. फसतात ते २२.२ ते २२.९ या पट्ट्यातले. त्यांतही बुटकी माणसे अधिक, कारण तीच तीन सेंटीमीटर लहान उंचीचा मोठा भाग असतात. १४८ सेंटीमीटर उंचीच्या, साडेएकोणपन्नास किलो वजनाच्या बाईचा बीएमआय २२.६ आहे, १४५ वर तो २३.५ होतो. म्हणजे चुकलेल्या टेपचा फटका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त बसतो. भाजीवाल्याच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, हे आपण पाहतो. दवाखान्याच्या भिंतीवरची पट्टी तपासायला सहसा कोणी येत नाही आणि रुग्णही तिच्यावर शंका घेत नाही.

दुसऱ्या प्रकारची चूक भिंतीवर नसते, संगणकात असते. आपल्याकडे माणसे उंची फूट-इंचांत सांगतात. पाच फूट दहा इंच हे नोंद करणारा 5.10 असे टाईप करतो. संगणक शेवटचे शून्य गाळून त्याचे 5.1 करतो आणि त्याला ५.१ फूट समजून सेंटीमीटरमध्ये बदलतो. पाच फूट दहा इंच म्हणजे १७७.८ सेंटीमीटर, ५.१ फूट म्हणजे १५५.४. बहात्तर किलोच्या त्या तरुणाचा खरा बीएमआय २२.८, रिपोर्टवर छापून येतो २९.८. सडपातळ माणसाला स्थूल म्हणणारा असा कागद डोळ्यांनी पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातात पडला तर लगेच पकडला जातो. पण विम्याच्या अर्जासोबत तो थेट पुढे गेला तर वाचणारा माणूस समोर पाहतच नाही, फक्त आकडा पाहतो, आणि हप्ता वाढू शकतो. पाच फूट अकराचे 5.11 झाले तरी तोच घोटाळा. म्हणून उंची सेंटीमीटरमध्येच मोजावी आणि सेंटीमीटरमध्येच लिहावी. रिपोर्ट हातात आल्यावर बीएमआयआधी उंचीचा रकाना वाचावा.

तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे, कारण तिच्यात मोजणी बरोबर असते. सत्तरीच्या आजी. चाळिशीत त्यांची उंची १५५ होती, आता १४९ भरते. पाठीला पोक आले आहे. वजन तेव्हाही ५४ किलो होते, आजही तेवढेच. चाळिशीतला बीएमआय २२.५, आजचा २४.३. कागद म्हणतो, वजन जास्त. प्रत्यक्षात आजींचे स्नायू तीस वर्षांत कमी झाले आहेत आणि वाढले काय असेल तर बीएमआयच्या गणितातला भागाकार. त्यांना ‘वजन उतरवा’ असे सांगणे म्हणजे आधीच कमी होत चाललेले स्नायू आणि हाडे आणखी कमी करायला सांगणे.

आजींच्या बाबतीत उंचीची घट हीच खरी बातमी असते. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, तर हाडे ठिसूळ होऊन पाठीचा एखादा मणका दबला असण्याची शक्यता तपासावी लागते. असा मणका पुष्कळदा फारसा न दुखता दबतो आणि ‘वयामुळे वाकल्या’ यावर विषय संपतो. इथे गरज असते पाठीच्या एक्स-रेची आणि हाडांच्या तपासणीची, आहारतक्त्याची नव्हे. ताठ उभे राहता येत नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतचे अंतर मोजतात. त्यावरून तरुणपणीच्या उंचीचा अंदाज येतो, पण अंदाजच. त्यावर बीएमआयचे दशांश काढत बसू नये.

पुन्हा त्या लिपिक बाईंकडे. त्यांच्या कागदावरचा शेरा चुकीचा होता, हे ठरले. पण २२.७ म्हणजे सगळे निर्धोक आणि २३.१ म्हणजे धोका, असेही शरीर मानत नाही. भारतीयांसाठी रेषा २३ वर आणली, कारण आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार युरोपीय लोकांपेक्षा कमी बीएमआयवरच गाठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात ‘वजन जास्त’ची सुरुवात २५ पासून होते. तेच केंद्र ती मर्यादा वापरत असते तर बाईंच्या चुकलेल्या उंचीवरही लाल चौकट आली नसती. ही रेषा माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंक हा प्रदेश धूसरच समजायला हवा. त्या प्रदेशात सापडलेल्या माणसाला शेरा देण्याआधी त्याची उंची पुन्हा मोजावी, इतकी साधी अट तपासणी केंद्रांनी स्वतःला घालून घेतली तरी बरेच काम होईल. तीन मिनिटे लागतात. आहारतक्ता छापायलाही जवळपास तेवढीच लागतात.

त्या धूसर प्रदेशात कंबर जास्त बोलते. तिला उंचीची गरज नाही, म्हणून भिंतीची चूक तिच्यात शिरत नाही. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, साधा श्वास सोडल्यावर, साडीचा किंवा पँटचा काठ खाली करून टेप धरायची, आवळायची नाही. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. बाईंची कंबर ७६ होती, साखर आणि रक्तदाब आधीच ठीक होते. कंबर ८६ असती तर बीएमआय २२.७ असूनही डॉक्टरांनी त्यांना तसेच सोडले नसते.

बाईंना रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करायला सांगितले. त्यांनी विचारले, “मग डॉक्टर, त्या कागदाचं काय करू?” डॉक्टरांनी त्यावर १५७ खोडून १६० लिहिले, बाजूला तारीख आणि सही केली, आणि बीएमआयही दुरुस्त केला. पुढच्या वर्षी कोणी दोन कागद शेजारी ठेवले तर त्याला त्या तीन सेंटीमीटरचा उलगडा तिथेच व्हावा, म्हणून.

तपासणी केंद्रालाही कळवले. तिथल्या तंत्रज्ञाने टेप जमिनीपर्यंत ओढून पाहिली, डबीचे दोन्ही स्क्रू काढले आणि तीन सेंटीमीटर खाली नवी भोके पाडून ती बसवली. जुनी भोके भिंतीवर अजून दिसतात. फळी कधी निघाली ते कोणालाच नक्की सांगता आले नाही. त्यामुळे किती जणांना फोन करून पुन्हा मोजायला बोलवायचे, हेही अजून ठरलेले नाही.